घड्याळ, दुकानांच्या वेळा व सूर्यस्थितीवरून छायाचित्राची पडताळणी

घड्याळ, दुकानांच्या वेळा व सूर्यस्थितीवरून छायाचित्राची पडताळणी ही एखादे छायाचित्र किंवा चित्रफीत सांगितलेल्या ठिकाणी व सांगितलेल्या वेळीच टिपली आहे की नाही, हे चित्रात दिसणाऱ्या खुणांवरून ठरवण्याची पद्धत आहे. वृत्तपडताळणी, मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा तपास, न्यायालयीन पुरावा आणि जुन्या छायाचित्रांचा कालनिर्णय या कामांत ती वापरली जाते. समाजमाध्यमांवरून आलेल्या चित्रातील मूळ नोंदी (कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख, वेळ व स्थान) बहुधा पुसल्या गेलेल्या असतात. उरलेल्या असल्या तरी कॅमेऱ्याचे घड्याळच चुकीचे लावलेले असू शकते. त्यामुळे चित्रातील दृश्य खुणांना महत्त्व येते.

या तिन्ही खुणांच्या चुका वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. घड्याळ बंद पडते, पण सूर्य थांबत नाही. सूर्याची एकच उंची मात्र दिवसातून दोनदा येते. दुकान उघडे की बंद हे माणसांच्या रिवाजावर ठरते. एका खुणेने सांगितलेली वेळ दुसरीशी जुळत नसेल, तर त्या दोन वेळांमधला फरक किती आहे यावरूनही चूक कोठे आहे ते पुष्कळदा कळते.

## पूर्वेतिहास

आकाशस्थितीवरून साक्षीची तपासणी करण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सूर्याचे नसून चंद्राचे आहे. १८५८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बीअर्ड्सटाउन येथे चाललेल्या खुनाच्या खटल्यात अब्राहम लिंकन आरोपीचे वकील होते. रात्री अकराच्या सुमारास चंद्रप्रकाशात आपण हल्ला पाहिला, असे मुख्य साक्षीदाराने सांगितले होते. लिंकन यांनी पंचांग न्यायालयापुढे ठेवून त्या रात्री त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता हे दाखवले. आरोपी निर्दोष सुटला.

अलीकडच्या काळात बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या शोधपथकाने २०१८ साली कॅमेरूनमधील महिला व मुलांच्या हत्येच्या चित्रफितीचा तपास प्रसिद्ध केला. डोंगररांगेच्या आकारावरून ठिकाण निश्चित झाल्यावर चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या जणू छायायंत्राचे काटे मानून पथकाने घटनेचा काळ २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ इतका आटोक्यात आणला. आरंभी ही चित्रफीत आपल्या देशातील नव्हेच, असे कॅमेरून सरकारचे म्हणणे होते.

## सूर्यस्थिती

सूर्याचे आकाशातील स्थान दोन कोनांनी सांगतात. क्षितिजापासूनची उंची म्हणजे *उन्नतांश* आणि उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेली दिशा म्हणजे *दिगंश*. उभ्या वस्तूच्या सावलीची लांबी उन्नतांशावर आणि सावलीची दिशा दिगंशावर अवलंबून असते. सूर्य ४५ अंशांवर असताना सपाट जमिनीवरील सावली वस्तूच्या उंचीइतकी पडते. तो वर चढला की सावली आखडते, आणि सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. ठिकाण, तारीख व वेळ दिल्यास हे दोन्ही कोन सांगणारी ‘सनकॅल्क’सारखी साधने महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

नवख्या अभ्यासकाची पहिली चूक बहुधा मध्यान्हाबाबत होते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला, असे भारतात फार थोड्या ठिकाणी घडते. भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे आणि त्या रेषेच्या पश्चिमेला दर अंशामागे मध्यान्ह ४ मिनिटे उशिरा होते. पुणे ७३.८६ अंशांवर असल्याने तेथे हा उशीर सुमारे ३५ मिनिटांचा, तर मुंबईत सुमारे ३९ मिनिटांचा आहे. याशिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने व तिचा आस कललेला असल्याने सूर्य वर्षभरात घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे असतो. या फरकाला *कालसमीकरण* म्हणतात. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सुमारे १४ मिनिटे मागे असतो, नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे पुढे. म्हणून पुण्यात १२ फेब्रुवारीला मध्यान्ह १२ वाजून ४९ मिनिटांनी होते आणि ऑक्टोबरअखेरीस १२ वाजून १८ मिनिटांनीच.

दुसरी चूक सावलीच्या दिशेबाबत होते. महाराष्ट्रात दुपारची सावली उत्तरेलाच पडते असे अनेकजण गृहीत धरतात. वर्षातील बहुतेक दिवस ते खरेही असते. परंतु पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो व सावली दक्षिणेला पडते. जूनमधील चित्रात दुपारची सावली दक्षिणेला दिसली म्हणून ते खोटे ठरवणे हीच मग पडताळणाऱ्याची चूक ठरते.

## दुकानांच्या वेळा

दुकानांच्या वेळा स्थळ-काळाच्या दाव्याशी ताडून पाहताना त्या गावाची रीत ठाऊक असावी लागते. पुण्याच्या जुन्या पेठांतील अनेक दुकाने दुपारी १ ते ४ बंद ठेवण्याची प्रथा प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. अलीकडे काही दुकानांनी ती सोडली आहे. गोव्यातही दुपारच्या विश्रांतीसाठी बाजारपेठेतील बरीच दुकाने काही तास बंद असतात. अशा ठिकाणी ओळीने ओढलेली शटरे दिसली, तर त्यावरून संप, बंद किंवा संचारबंदी सिद्ध होत नाही.

साप्ताहिक सुट्टीचा विचार चित्राच्या वर्षानुसार बदलतो. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे भाग होते. तो दिवस वस्तीनुसार वेगळा असे आणि पुष्कळदा पाटीवर रंगवलेला असे. २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, मात्र कामगारांना साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते. त्यामुळे जुन्या चित्रात ‘सोमवारी बंद’ असलेले दुकान उघडे दिसले तर दावा केलेला वार संशयास्पद ठरतो, नव्या चित्रात तो निष्कर्ष तितकासा टिकत नाही. सणांच्या दिवसांत या नेहमीच्या वेळा मोडतात. दिवाळीच्या खरेदीत दुपारची विश्रांती घेणारा दुकानदार विरळा.

महाजालावरील नकाशांत दिलेल्या वेळा चित्राच्या काळच्या नसून आजच्या असतात, आणि कित्येकदा त्या कोणी तरी अंदाजाने भरलेल्या असतात. त्याच दुकानाची त्या काळातील इतर छायाचित्रे किंवा पाटीवरील मजकूर अधिक विश्वासार्ह असतो.

## घड्याळ

घड्याळाची तबकडी हा सर्वांत सोपा पुरावा वाटतो, आणि म्हणूनच तो फसवा असतो. ते घड्याळ खरोखर घड्याळच आहे ना, हे आधी पाहावे लागते. जाहिरातीतील व पाटीवर रंगवलेली घड्याळे प्रघातानुसार दहा वाजून दहा मिनिटे दाखवतात. त्यानंतर ते चालू आहे की बंद, हा प्रश्न येतो. चित्रफीत असेल तर सेकंदकाटा पाहावा. नसेल तर त्याच जागेच्या वेगळ्या दिवशीच्या छायाचित्रात तीच वेळ दिसते का, ते शोधावे.

चित्र धूसर असल्यास मिनिटकाटा बहुधा ओळखू येत नाही, तरी केवळ तासकाट्यावरून बऱ्यापैकी वेळ काढता येते. तासकाटा दोन मिनिटांत एक अंश सरकतो. तो पाच अंशांपर्यंत अचूक वाचता आला, तर वेळ दहा मिनिटांपर्यंत कळते. दोन्ही काटे दिसत असतील तर त्यांचा परस्परांशी मेळ पाहावा. मिनिटकाटा सहावर असताना तासकाटा दोन आकड्यांच्या मधोमध असायला हवा. चित्रात फेरफार करणारा मिनिटकाटा हलवतो, पण तासकाटा तेवढ्याच प्रमाणात सरकवायला अनेकदा विसरतो.

## एक सविस्तर उदाहरण

पुढील उदाहरण पद्धत समजावण्यासाठी रचलेले आहे, त्यातील सूर्यस्थितीचे आकडे मात्र पुण्याचे खरे आहेत.

पुण्यातील लक्ष्मी रस्त्याचे एक छायाचित्र फिरते आहे. दोन्ही बाजूंची शटरे ओढलेली आहेत आणि मजकूर असा आहे: ‘१२ फेब्रुवारी, सकाळी ११. बंदला कडकडीत प्रतिसाद.’ चित्र अनेकदा पुढे पाठवले गेल्याने पाट्यांवरील अक्षरे विरघळली आहेत. रस्त्यात एक उभा खांब आहे आणि त्याची सावली कॅमेऱ्याच्या दिशेने व डावीकडे पडली आहे. एका दुकानावरील घड्याळात सव्वानऊच्या थोडे पुढे, साधारण ९ वाजून २२ मिनिटे झाल्यासारखे दिसते. बंद यशस्वी झाला की नाही याची बातमी या एका चित्रावर उभी राहू शकते, म्हणून ते तपासणे आवश्यक आहे.

लक्ष्मी रस्ता ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जातो. कॅमेरा पूर्वेकडे तोंड करून असेल, तर डावीकडे उत्तर येते आणि कॅमेऱ्याच्या मागे पश्चिम. म्हणजे सावली वायव्येला आहे व सूर्य आग्नेयेला, हे सकाळचे लक्षण झाले. सावलीच्या लांबीचे खांबाच्या उंचीशी गुणोत्तर चित्रातून सुमारे ०.९ येते. पुण्यात १२ फेब्रुवारीला सकाळी ११ वाजता सूर्याचा उन्नतांश सुमारे ४८ अंश व दिगंश सुमारे १३८ अंश असतो. ४८ अंशांवरील सूर्य ०.९ पट सावली पाडतो. तेव्हा लांबी जुळली आणि दिशाही जुळली. फक्त घड्याळ जुळत नाही आणि ते बंद पडले असावे, असे म्हणून पडताळणी येथेच संपवण्याचा मोह होतो.

परंतु घड्याळ नेमके किती मागे आहे, ते पाहण्यासारखे आहे. ९:२२ आणि ११:०० यांत १ तास ३८ मिनिटांचा, म्हणजे ९८ मिनिटांचा फरक आहे. त्या दिवशीचे पुण्याचे मध्यान्ह १२:४९ ला होते. ते बारानंतर ४९ मिनिटांनी येते आणि ४९ ची दुप्पट ९८ होते. हा योगायोग नसून चित्र डावे-उजवे उलटलेले असल्याची खूण आहे. काही मोबाइल दूरध्वनींचा समोरचा कॅमेरा चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे साठवतो. संपादनात एका स्पर्शानेही ते उलटवता येते.

कारण असे: घड्याळाची तबकडी आरशात पाहिली की ती बाराच्या रेषेभोवती उलटते, त्यामुळे २:३८ चे ९:२२ दिसतात. (दोन्ही वेळांची बेरीज बारा तास होते.) पूर्व-पश्चिम रस्त्याचे चित्र उलटवले की दुपारची सावली सकाळची भासते, पण सूर्याची सकाळ-दुपार ही बाराभोवती नव्हे, तर १२:४९ भोवती सममित असते. मध्यान्हानंतर १ तास ४९ मिनिटांनी, म्हणजे २:३८ ला, सूर्याची जी उंची असते तीच मध्यान्हाआधी १ तास ४९ मिनिटांनी, म्हणजे ११:०० ला असते. घड्याळ आणि सूर्य वेगवेगळ्या रेषांभोवती उलटले, म्हणून उलट्या चित्रात ते एकमेकांशी भांडू लागले. मध्यान्ह बरोबर बाराला होत असते तर दोघांनी मिळून एकच खोटी वेळ सांगितली असती.

चित्र सरळ केल्यावर घड्याळ २:३८ दाखवते. सावली आता कॅमेऱ्याच्या दिशेने व उजवीकडे आहे. फेब्रुवारीत दुपारच्या या सुमारास सावली दक्षिणेला पडूच शकत नाही, तेव्हा उजवीकडची बाजू उत्तर असली पाहिजे आणि कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून असला पाहिजे. मग सावली ईशान्येला व सूर्य नैर्ऋत्येला, दिगंश सुमारे २२१ अंश. ही २:३८ ची स्थिती आहे. यापुढची खातरजमा नकाशावर होते. रस्त्याला मिळणारी गल्ली आणि वळण आता बरोबर बाजूला येतात, उलट्या चित्रात ते पूर्वेकडे पाहताना कोठेच सापडत नव्हते. ही तपासणी खरे तर सगळ्यांत आधी करायला हवी होती. धूसर चित्रात अक्षरे वाचता येत नाहीत, पण डाव्या मनगटावरच्या घड्याळांवरूनही उलटेपणाची शंका येऊ शकते.

आता शटरांकडे पाहता, दुपारी २:३८ ला लक्ष्मी रस्त्यावरील काही दुकाने बंद असणे हे रोजचेच आहे. चित्र १२ फेब्रुवारीचे व लक्ष्मी रस्त्याचेच असू शकते, सांगितलेली वेळ तेवढी खोटी आहे. त्यावरून बंद फसला असाही निष्कर्ष निघत नाही. चित्र बंदविषयी बाजूने वा विरुद्ध काहीच सांगत नाही, इतकेच पडताळणीच्या निष्कर्षात लिहिता येते. सकाळी ११ किंवा सायंकाळी ६ चे, एरवी उघडी असणारी दुकाने बंद दाखवणारे चित्र मिळाले, तर गोष्ट वेगळी.

## अचूकता आणि मर्यादा

वरील उदाहरणात सावलीचे गुणोत्तर ०.९ ऐवजी ०.८५ किंवा ०.९५ मोजले गेले, तर वेळेत सुमारे दहा मिनिटांची चूक पडते. सावलीची दिशा पाच अंशांनी चुकली तर सुमारे वीस मिनिटांची. मध्यान्हाच्या आसपास उंची फार हळू बदलते, त्यामुळे तेथे लांबीवर भिस्त ठेवता येत नाही, दिशाच उपयोगी पडते. मोजमापाची सर्वांत मोठी चूक यंत्रात नसून चित्रात असते. कॅमेऱ्याकडे येणारी किंवा त्याच्यापासून दूर जाणारी सावली दृष्टिक्षेपामुळे आखूड दिसते, उतारावरची सावली लांबते आणि तिरका खांब सगळेच बिघडवतो. शक्य असेल तेव्हा सावलीचे टोक व खांबाचे मूळ हे दोन्ही बिंदू उपग्रहचित्रावर शोधून तेथेच लांबी व दिशा मोजावी. ढगाळ दिवशी किंवा दाट इमारतींच्या सावलीत ही पद्धत चालत नाही.

केवळ सावलीवरून तारीख एकच ठरत नाही. सूर्याचा आकाशातील मार्ग १२ फेब्रुवारीला जसा असतो तसाच तो ऑक्टोबरअखेरीसही असतो, म्हणून दोन्ही वेळी त्याच लांबीच्या व त्याच दिशेच्या सावल्या मिळतात. येथे चालू घड्याळ कामी येते. फेब्रुवारीत जी सावली २:३८ ला पडते ती ३० ऑक्टोबरला सुमारे २:०७ लाच पडलेली असते, कारण तेव्हाचे मध्यान्ह अर्ध्या तासाने लवकर होते. घड्याळाची वेळ विश्वसनीय असेल तर हा अर्धा तास दोन ऋतूंमध्ये निवड करू देतो. झाडांची पालवी, कपडे आणि रस्त्यावरील ओल यांचा आधार त्याला जोडता येतो.

जुन्या छायाचित्रांत घड्याळ कोणती वेळ पाळत होते, हा प्रश्न वेगळा उभा राहतो. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबई शहरात तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहिली. त्यामुळे त्या काळातील मुंबईच्या चित्रात एका इमारतीवरील घड्याळ व दुसऱ्या इमारतीवरील घड्याळ यांत ३९ मिनिटांचे अंतर दिसले तर दोन्ही बरोबर असू शकतात. मुंबई वेळ ही स्थानिक सरासरी वेळ असल्याने ती पाळणारे घड्याळ सूर्याशी कालसमीकरणापुरताच फरक दाखवते. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात प्रमाण वेळ एक तास पुढे केलेली होती, म्हणून त्या वर्षांतील पुण्याच्या फेब्रुवारीतील चित्रात घड्याळाने पावणेदोननंतर मध्यान्ह दाखवणे हेच योग्य आहे.